बोटीवरून सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी पैसे कापले : कार्ड भारतातलं, बिल डॉलरात, ओटीपी डिचोलीत

जहाजी_फोटोवाला (१४ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी मूळचा डिचोलीचा, गेली सहा वर्षं क्रूझवर फोटोग्राफर. सध्या बोट कॅरिबियनमध्ये आहे.

गेल्या वर्षी सुट्टीवर घरी असताना फोटो दुरुस्त करायच्या एका अमेरिकन सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरली होती, १२० डॉलर. कार्ड भारतातल्या बँकेचं क्रेडिट कार्ड. यंदा कंपनीनेच दुसरं सॉफ्टवेअर दिलंय, म्हणून हे बंद करायचं ठरवलं. १४ नोव्हेंबर ही तारीख मी फोनच्या कॅलेंडरात लिहून ठेवली होती. काल, म्हणजे १३ तारखेला, रात्री आठला ड्यूटी संपल्यावर त्यांच्या साईटवर जाऊन रद्द केलं. एक दिवस हातात होता ना? तर पानावर उत्तर काय, तर तुमची योजना नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालू राहील, त्यानंतर नूतनीकरण होणार नाही. म्हणजे पैसे आधीच गेलेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं तर ११,०७१ रुपये १० पैसे.

आता तीन प्रश्न. एक दिवस आधी रद्द करून पैसे कसे कापले? बँकेकडे जी दरवर्षी कापायची परवानगी दिलेली असते ती काढायला गेलो तर ओटीपी मागते, आणि माझं भारतातलं सिम घरी कपाटातल्या जुन्या फोनमध्ये आहे. ते कसं करायचं? आणि बँकेकडे तक्रार केली तर पैसे परत मिळतील का?

शुभा_मडगाव

इतका विचार कशाला? बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर इंटरनॅशनल वापराचं बटण असतं, ते बंद करून टाक. मी दुबईला आहे, दर वेळी हेच करते. पुढच्या वर्षी कोणी आला पैसे घ्यायला तर रिकाम्या हाताने परत जाईल.

देवळाची_पायरी

मी शीर्षक न वाचता थेट आत आलो आणि पहिल्या ओळीत वर्गणी दिसली. म्हटलं, देवस्थानची वर्गणी रद्द करायला बोटीवरून कसला धागा काढलाय हा बाबा! माफ करा. पुढे चालू द्या.

पणजीकर_काका

मी बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. दोन गोष्टी आधी सांग. गेल्या वर्षी पैसे भरलेस ती नेमकी वेळ कुठली? कंपनीच्या पहिल्या पावतीचा ईमेल उघड आणि त्याचा मूळ मजकूर दाखवणारा पर्याय निवड, त्यात सेकंदापर्यंत वेळ मिळेल. आणि बोटीचं घड्याळ आत्ता कुठल्या वेळेवर आहे?

शुभा, तुझ्या बटणाबद्दल नंतर बोलतो. ते अर्धं बरोबर आहे.

जहाजी_फोटोवाला

काका, हे बघा. पावतीत ही ओळ सापडली:

```
Date: Wed, 13 Nov 2024 19:41:07 +0000
```

बोट आत्ता ग्रिनिचच्या चार तास मागे आहे, बार्बाडोसची वेळ. पण तारीख १३ कशी? मी तर १४ ला घेतलं होतं. मध्यरात्र उलटून गेली होती, आई ओरडत होती झोप म्हणून, ते नीट आठवतं.

पणजीकर_काका

तुझी आठवण बरोबर आणि पावतीही बरोबर. ग्रिनिचचे १९:४१ म्हणजे आपल्याकडे साडेपाच तास पुढे, १४ तारखेच्या पहाटेचे १:११. तू डिचोलीत १४ ला होतास, कंपनीचा सर्व्हर १३ लाच होता. वर्ष पूर्ण कधी झालं ते सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर मोजतो. म्हणजे यंदा १३ नोव्हेंबरला १९:४१ वाजता. तुझ्या बोटीवर तेव्हा दुपारचे ३:४१ झाले होते. तू रद्द केलंस रात्री आठला. सव्वाचार तास उशीर.

तुझ्या कॅलेंडरने तुला फसवलं नाही, तू त्याला गोव्याची तारीख दिलीस आणि ती घेऊन अटलांटिकच्या पलीकडे गेलास. तुला एक दिवस हातात दिसत होता, खरं तर काहीच उरलं नव्हतं. आणि हेही लक्षात घे की बऱ्याच कंपन्या शेवटच्या मिनिटाची वाट पाहत नाहीत, काही तास आधीच कार्डाला हात घालतात. म्हणून परदेशात असलं की तारखेच्या दोन दिवस आधीच काम संपवावं. आयफोनच्या स्टोअरमधली मोफत चाचणी असेल तर ती संपण्याच्या निदान २४ तास आधी रद्द करायला तर तेच सांगतात.

अजून एक. तुझ्या मेलपेटीत १२ नोव्हेंबरचा बँकेचा मेल शोध. जाहिरातींच्या कप्प्यातही बघ.

जहाजी_फोटोवाला

सापडला. १२ नोव्हेंबर, बँकेकडून. विषय इंग्रजीत, वाचलाच नव्हता. आत कंपनीचं नाव, अंदाजे रक्कम, कापायची तारीख १३, आणि नको असेल तर इथे दाबा असा दुवा. काका, तुम्हाला कसं कळलं?

पणजीकर_काका

त्यात काही ज्योतिष नाही रे. भारतीय कार्डावरून असे ठरावीक काळाने पैसे कापायचे असतील तर बँकेने किमान २४ तास आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो २०२१ च्या ऑक्टोबरपासून कडकपणे लागू झाला. त्या सूचनेत विक्रेत्याचं नाव, रक्कम, तारीख आणि त्या व्यवहारातून बाहेर पडायची सोय असावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, पहिल्यांदा नोंदणी करताना एकदा लागतो. तुझे ११ हजार त्या मर्यादेच्या आत बसले, म्हणून गुपचूप गेले. त्याच्या वर असते तर ओटीपी मागितला असता, तो तुझ्या कपाटातल्या फोनवर आला असता आणि व्यवहार आपोआप पडला असता. तुझं दुर्दैव म्हणायचं की सॉफ्टवेअर स्वस्त निघालं.

ही सूचना एसएमएसने किंवा ईमेलने येते. सिम घरी ठेवून बोटीवर जाणाऱ्याने बँकेत ईमेल चालू आहे ना ते आधी बघावं आणि त्या मेलला वेगळं लेबल लावावं. परदेशी कंपन्यांचे सगळेच व्यवहार या रस्त्याने येतात असं मात्र नाही. काहींची मागणी बँक सरळ नाकारते.

स्विंडनचा_सावर्डेकर

मला हे सगळं फार अवघड वाटतंय. इथे इंग्लंडमध्ये मी माझ्या बँकेला नुसता फोन केला, अमुक कंपनीला माझ्या कार्डावरून यापुढे पैसे देऊ नका. बँकेला ते ऐकावंच लागतं, आधी कंपनीशी बोला असं ती सांगू शकत नाही. त्यानंतर पैसे गेले तर बँकेने परत द्यायचे. मी जिमचं असंच बंद केलं. भावा, फोन उचल आणि बँकेला सांग.

एक धडा मात्र मलाही मिळाला. त्याआधी मी हुशारी करून कार्ड हरवलं म्हणून नवीन घेतलं होतं. वाटलं, नंबर बदलला की जिमवाले गप्प. पुढच्या महिन्यात नव्या कार्डावरून पैसे गेले! कार्ड कंपन्याच नवीन नंबर विक्रेत्याला पुरवतात म्हणे.

पणजीकर_काका

सावर्डेकर, तुमचं दोन्ही खरं आहे, पण ते तुमच्या ब्रिटिश कार्डाचं. ह्याचं कार्ड भारतातलं, त्याला भारताचा नियम. आपल्याकडेही बँकेकडून परवानगी काढून घेता येते, कधीही आणि फुकट. फक्त फोनवर नाही, ऑनलाइन. आणि इथेच मेख आहे: परवानगी देताना जशी ओटीपीची खात्री लागते तशीच काढून घेतानाही लागते. नियमच तसा आहे, म्हणजे दुसऱ्याच कोणी तुमचा विम्याचा हप्ता बंद करू नये. बोटीवरच्या माणसाला तो गळफास होतो.

आता शुभाचं बटण. ते बंद केलंस तर परदेशातून आलेली मागणी कार्ड नाकारेल, बरोबर. पण तेच कार्ड घेऊन तू परदेशात फिरतेस ना? मग बटण चालू-बंद करत बसणार का, आणि चालू केलेल्या तासातच मागणी आली तर? कंपन्या एकदा नकार मिळाला की थांबत नाहीत, काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. कंपनीची भारतात शाखा असेल आणि बिल रुपयांत येत असेल तर तो व्यवहार देशातलाच धरला जातो, इंटरनॅशनलचं बटण त्याला अडवत नाही.

आणि मुख्य गोष्ट. पैसे अडवणं आणि करार संपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाचा करार करून दरमहा पैसे देण्याची योजना असेल आणि तू मधेच पैसे अडवलेस, तर कंपनी खात्यावर थकबाकी दाखवेल. म्हणून आधी कंपनीकडे रद्द करायचं, त्याचा मेल जपून ठेवायचा, मग बँकेकडची परवानगी काढायची. उलट क्रमाने केलं की तुझ्याकडे पुरावा उरत नाही.

शुभा_मडगाव

काका, माझं अजून कधी अडलं नाही. पण पेट्रोलसाठी ते कार्ड चालेना तेव्हा पंपावर पाच मिनिटं अ‍ॅप उघडत बसले होते, हे कबूल.

म्हापशेकार_शुक्रवार

माझा वेगळाच किस्सा. मी लिस्बनला आल्यावर एका भाषा शिकायच्या अ‍ॅपची मोफत चाचणी घेतली. आवडलं नाही, अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. तीन महिने दरमहा युरो जात होते! मला वाटलं होतं अ‍ॅप गेलं म्हणजे वर्गणी गेली.

पणजीकर_काका

अ‍ॅप काढलं म्हणजे फक्त फोनमधली जागा मोकळी झाली. फोनच्या स्टोअरमधून घेतलेली वर्गणी स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊनच बंद करावी लागते, आणि कंपनीच्या साईटवर घेतलेली साईटवर. कोणाकडून घेतली ते कळत नसेल तर स्टेटमेंटवर कोणाचं नाव आहे ते बघायचं.

जहाजी_फोटोवाला

काका, ओटीपीचं सांगा. बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की जुना फोन चार्ज करून ठेव आणि ओटीपी आला की वाचून दाखव. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच, ती उठलेलीच असते. पण बोटीच्या इंटरनेटवर बँकेचं पान उघडायलाच इतका वेळ लागतो की ओटीपीची मुदत संपते. दोनदा झालं. तिसऱ्यांदा चुकलं तर बँक खातं अडकवेल की काय ही भीती.

देवळाची_पायरी

ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून बँक सकाळ-संध्याकाळ मेसेज पाठवते आणि इथे चक्क व्हॉट्सअ‍ॅपवर! आमच्या शेजारच्यांचे असेच दीड लाख गेले.

जहाजी_फोटोवाला

शेजाऱ्यांचे चोराने नेले. ही माझी बायको आहे.

पणजीकर_काका

दोघांचंही बरोबर. धोका म्हणाल तर बायकोने वाचून दाखवण्यात नाही, सवयीत आहे. तिला आज "बोटीवरून मी बोलतोय, ओटीपी सांग" हे नेहमीचं वाटायला लागलं, की उद्या दुसऱ्या कोणाचा मेसेज आला तरी ती सांगेल. शिवाय बँकेच्या अटी बघितल्या तर ओटीपी दुसऱ्याला दिलास म्हणून पुढे वाद झाल्यावर बँक हात वर करते.

मी म्हणेन, तीनदा हरू नकोस, थांब. घाई नाही. पुढची कापणी वर्षाने आहे आणि कंपनीकडे तू रद्द केलंच आहेस. पुढच्या वेळी निघताना सिम बरोबर ने. किनाऱ्याला लागल्यावर ते साध्या रोमिंगवर लागतं. येणारा एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतो, पण निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्यावं लागतं, ते बाहेर गेल्यावर आठवलं तर अवघड. समुद्रात बोटीचं जे वेगळं मोबाईल जाळं असतं त्यावर फोन ठेवू नकोस, त्याचा दर बघून घाम फुटेल. आणि सिम रिचार्ज न करता पडून राहिलं तर ९० दिवस न वापरल्यावर नंबर जाऊ शकतो. तो नंबर उद्या दुसऱ्याला मिळाला तर तुझ्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. कपाटातल्या फोनवर बायकोने महिन्यातून एकदा तरी कोणाला तरी फोन लावावा.

स्विंडनचा_सावर्डेकर

आणि फसवणूक झाली म्हणून तक्रार केली तर? तीन दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत, असा भारतातही नियम आहे ना?

पणजीकर_काका

आहे, २०१७ चा, तीन कामकाजाच्या दिवसांचा. पण तो परक्या माणसाने केलेल्या व्यवहाराला. ह्याने स्वतः परवानगी दिली होती. फसवणूक म्हणून अर्ज भरलास तर बँक पहिलं काम काय करेल? कार्ड बंद. नवीन कार्ड डिचोलीच्या पत्त्यावर कुरियरने. आणि तू बार्बाडोसला. खोटं लिहिल्याचा ठपका तो वेगळाच.

खरा रस्ता म्हणजे "रद्द केल्यावरही पैसे कापले" या कारणाखाली हरकत घेणं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे त्यासाठी वेगळं कारण आहे, मुदत साधारण १२० दिवसांची, बँका आपल्या बाजूने कमीही सांगतात. पण त्यात पहिला प्रश्न असतो: रद्द कधी केलं? तुझ्या मेलवर वेळ कापणीनंतरची. हरकत टिकणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर आधी कंपनीला लिहिलं असतं. बऱ्याच कंपन्या वार्षिक योजनेला कापणीनंतर काही दिवसांची सवलत देतात, ती त्यांच्या अटींत असते. न वापरता लगेच लिहिणाऱ्याला परत मिळायची शक्यता जास्त. कॅलिफोर्नियाची कंपनी असेल तर सकाळी नऊला त्यांचा माणूस बसतो. सध्या तुझ्याकडे तेव्हा दुपारचा एक आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. चॅट तेव्हा उघड, म्हणजे यंत्राऐवजी माणूस भेटेल.

जहाजी_फोटोवाला (१५ नोव्हेंबर)

दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत बसलो. अटींत १४ दिवसांचा परतावा सापडला. चॅटवरच्या बाईला पावती क्रमांक दिला, नूतनीकरणानंतर एकदाही लॉगिन केलेलं नाही हे सांगितलं. तिने तपासून परतावा मंजूर केला. सात ते दहा कामाचे दिवस. संभाषणाची प्रत मेलवर मागून घेतली. काका, देव बरें करूं!

पणजीकर_काका

छान. आता मनात ११,०७१ चा आकडा धरून बसू नकोस, तेवढे येणार नाहीत.

जहाजी_फोटोवाला (२७ नोव्हेंबर)

काका, काल पैसे आले. १०,७०४. म्हणजे ३६७ रुपये १० पैसे कमी. कंपनीने १२० डॉलर पूर्ण परत केलेत, मेल आहे. मग हे पैसे कोणी खाल्ले?

पणजीकर_काका

हिशेब मांडू. १२० डॉलर, दर ८८.६० धरला तर १०,६३२. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के, ३७२ रुपये १२ पैसे. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, ६६ रुपये ९८ पैसे. बेरीज ११,०७१ रुपये १० पैसे, तुझा आकडा जुळला.

परत आले तेव्हा डॉलर महागला होता. १०,७०४ भागिले १२०, म्हणजे दर ८९.२०. फक्त दरात बघितलं तर तुला ७२ रुपये जास्तच मिळाले. पण आकार आणि त्यावरचा कर मिळून ४३९ रुपये १० पैसे, ते बँकेने परत केले नाहीत. ४३९.१० मधून ७२ वजा कर, ३६७.१० उरतात. रुपया चढला असता तर दोन्हीकडून मार बसला असता.

शुभा_मडगाव

म्हणजे पैसे घेताना आकार, परत देताना तो आकार नाही? खरेदीच झाली नाही तर सेवा कसली दिली?

पणजीकर_काका

बँका म्हणतात, चलन बदलायची सेवा आम्ही दिली, माल परत गेला हा तुमचा प्रश्न. काही बँका विचारलं तर आकार परत करतात, काही नाही करत. माझ्या वेळीही यावर वाद व्हायचे. लेखी मागणी कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ४३९ रुपयांसाठी एवढं करायचं का, ते तू ठरव.

देवळाची_पायरी

करायचं! प्रत्येकाने ४३९ सोडले तर बँकेचं देऊळ सोन्याचं होईल.

जहाजी_फोटोवाला

लेखी पाठवलंय. परवा ब्रिजटाऊनला उतरणार आहे. बायकोने सिम एका सहकाऱ्याच्या भावाबरोबर पाठवलं होतं, ते काल हाती आलं. किनाऱ्यावर लावून बघतो एसएमएस येतो का. रोमिंग चालू करायला ती दुकानात गेली होती, पण सिम माझ्या नावावर म्हणून दुकानदाराने नकार दिला. कंपनीच्या अ‍ॅपवरून करता येईल म्हणतात, आणि अ‍ॅपला लॉगिन करायला परत ओटीपी.

म्हापशेकार_शुक्रवार

मध्येच माझं विचारतो. फोनच्या स्टोअरचा देश भारतावरून पोर्तुगाल करायला गेलो तर म्हणतं, आधी चालू वर्गण्या रद्द करा आणि त्यांची मुदत संपू द्या. त्यातली एक वार्षिक आहे, मार्चपर्यंत. तोवर इथली बँकेची आणि मेट्रोची अ‍ॅप भारतातल्या स्टोअरवर दिसत नाहीत. कोणी दुसरं खातं उघडून दोन्ही चालवलंय का?